आमची वाटचाल : एका कॉलमची गोष्ट

सांगलीत आम्ही तिघांनी सुरू केलेलं काम तसं साधं, औषधांच्या होलसेलवाल्यांची बिलं रोज रात्री प्रत्येक शाखेतून उचलायची, एका सेंट्रल डेटाबेसमध्ये टाकायची आणि मालकाला सकाळी रिपोर्ट द्यायचा. दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाईकाच्या मिरजेच्या दुकानात नवीन कॉम्प्युटर बसला आणि त्यावर सांगलीच्या दुकानाचा बॅकअप चढवला गेला, शाखेचा कोड तसाच राहिला, आणि मिरजेची बिलं तीन दिवस सांगलीच्या नावावर येत राहिली. मिरजेची विक्री शून्य दिसल्यावर मालकांचा फोन आला.

आता यातली मिरजेची बिलं कुठली? कोडच चुकलेला, आणि वेळेवरून शोधावं तर सगळ्या शाखांचा सिंक रात्री अकरालाच, रो एकमेकांत मिसळलेल्या. शेवटी दुकानातल्या मूळ फायलींवरून दोन रात्री बसून सगळं परत भरलं. त्या आठवड्यात आम्ही ठरवलं की यापुढे प्रत्येक रोवर ती कुठल्या फेरीत आली याचा नंबर असणार.

`sync_batches` नावाचं टेबल केलं, त्यात प्रत्येक फेरीची, म्हणजे बॅचची, एक नोंद, कुठल्या मशीनवरून, कधी सुरू, कधी संपलं, किती रो. ही नोंद डेटाच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, आधीच कमिट करायची, नाहीतर सिंक फेल झाला की रोलबॅकमध्ये फेल झाल्याचा पुरावाच पुसला जातो. मशीनचा नंबर आम्ही शाखेच्या कोडवरून घेत नाही, वेगळा देतो, मिरजेत तेच नडलं होतं. जुन्या रोंना बॅच 0 दिला, अंदाजाने काही भरलं नाही.

पहिल्यांदा एकच `batch_id` ठेवला होता, पण तेवढ्याने भागत नाही हे लवकरच कळलं, कारण आपण अपसर्ट करतो, त्याच बिल नंबरची जुनी रो असेल तर ती बदलते आणि तिच्यावर नवीन बॅचचा शिक्का बसतो, मग बॅच उडवली की जुनं चांगलं बिलही जातं. म्हणून दोन कॉलम, रो पहिल्यांदा कुठल्या बॅचमध्ये आली तो `first_batch_id` आणि शेवटची कुठल्या बॅचमध्ये बदलली तो `last_batch_id`, आणि बदलण्याआधीची रो `bills_history` मध्ये.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे अगदी मिरजेसारखाच प्रकार झाला, बॅच 4127, एकूण 212 रो. त्यातल्या 187 नवीन, 25 जुन्यांवर चढलेल्या. आधी मोजलं, मग:

```sql
DELETE FROM bills
WHERE first_batch_id = 4127
  AND last_batch_id = 4127;
```

डिलीटचा आकडा 187 च आला तेव्हाच कमिट केलं, बाकीच्या 25 हिस्टरीतून परत आणल्या. दुसरी अट महत्त्वाची आहे, नंतर कुणी दुरुस्त केलेली रो तिच्यामुळे वाचते. या दुरुस्तीलाही आम्ही वेगळा बॅच नंबर दिला, हाताने मारलेल्या अपडेटलासुद्धा देतो, म्हणजे सीएंनी विचारलं की हे बिल का बदललं तर नंबर दाखवता येतो.