पित्त, पित्त म्हणत पाच वर्षं काढली

आमच्या घरात डोकं दुखून उलटी झाली की ते पित्तच. आई तसंच म्हणायची, सासूबाईही तसंच म्हणतात. मी सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मशीनवर बसते. एप्रिल-मे हा आमचा हंगाम, त्यात बाहेर ४२-४३ अंशांचं ऊन. डोकं दुखायचंच. पित्ताची गोळी, सोडा, कपाळाला बाम, असं करत पाच वर्षं गेली.

यंदा हंगामात आठवड्यातून चार-चार दिवस दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, बीपी पाहिलं आणि म्हणाले, महिनाभर वहीत लिहून आणा. किती वाजता सुरू झालं, टोकाला जायला किती वेळ लागला, जिना चढल्यावर वाढतं का, उजेड नकोसा होतो का, गोळी कधी घेतली.

त्या वहीतल्या दोन नोंदी इथे उतरवते. पहिली अशी: "मंगळवार, संध्याकाळी ५. कपाळाभोवती फडकं आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंनी. मान आखडलेली. स्वयंपाक केला, जेवले." दुसरी: "एकादशी. उपवास, दुपारी उन्हातून आले. उजव्या कानशिलात ठणका, दोन तासांत वाढला. जिन्याच्या प्रत्येक पायरीला डोक्यात ठोका. फोडणीचा वास सोसेना. दोनदा उलटी. दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं."

डॉक्टरांनी दोन्ही नोंदींखाली पेनाने रेघ मारली. पहिली ताणाची डोकेदुखी, दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग असतो, पित्तामुळे डोकं चढलं असं नसतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. नाव अर्धशिशी असलं तरी काहींचं दोन्ही बाजूंनीही दुखतं. म्हणून बाजूपेक्षा हालचाल बघायची. ताणाचं दुखणं सोबत घेऊन माणूस कामं उरकतो, मायग्रेनमध्ये अंधारात पडून राहावंसं वाटतं. मायग्रेन औषध न घेता चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहू शकतं.

उपायही मग वेगळे झाले. मानेचं दुखणं असेल तर मी मशीनवरून उठते, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर दहा मिनिटं ठेवते, खांदे सैल सोडून मान हळूहळू दोन्हीकडे वळवते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मायग्रेनला मात्र थांबायचं नाही. ठणका सुरू होताच काहीतरी खाऊन मी पॅरासिटामॉल घेते, पाणी पिते आणि पडदे ओढून कपाळावर गार पट्टी ठेवते. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी मला कधीच लागू पडली नाही. पण गोळी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, असे काही महिने घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहतं. वही मोजली तेव्हा माझे सोळा दिवस निघाले. त्या कमी करताना पहिला आठवडा फार जड गेला, नंतर उतार पडत गेला. एकादशी मी आता दाण्याची आमटी आणि भगर खाऊन करते, उपाशी राहत नाही.

टोकाला जायला किती वेळ लागला हे डॉक्टरांनी का विचारलं, ते जूनमध्ये समजलं. शेजारच्या काकू हंडा उचलताना एकदम मटकन खाली बसल्या. "डोक्यात काहीतरी फुटल्यागत झालं गं," एवढंच म्हणाल्या आणि भडाभडा उलटी. बायका जमल्या. कुणी लिंबू-सरबत आणलं, कुणी म्हणालं पित्त आहे, झोपू द्या. माझंही तोंड त्यासाठीच उघडलं होतं. मग विचारलं, "काकू, हळूहळू वाढलं की एकदम?" त्यांनी चुटकी वाजवून दाखवली. असं दुखणं त्यांना जन्मात झालं नव्हतं.

उलटी माझ्यासारखीच होती, पण मायग्रेन असं चुटकीसरशी टोकाला जात नाही. मिनिटभरात कमाल गाठणारं दुखणं म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव असू शकतो. सरबत बाजूला ठेवायला लावलं, गोळीही दिली नाही आणि १०८ ला फोन केला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्रावच निघाला.

डॉक्टरांनी मला तेव्हा आणखी काही खुणा सांगितल्या होत्या, त्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत: तापासोबत मान ताठणे, तोंड वाकडं होणे, हातापायातली ताकद जाणे, बोलणं अडखळणे, फिट येणे, बरळणे, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर अचानक आलेलं तीव्र दुखणं. यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या तऱ्हेचं डोकं दुखू लागलं तरी लवकर दाखवायचं.

काकू पाच आठवड्यांनी घरी आल्या. हंडा आता त्यांचा मुलगा भरतो. सासूबाईंनी माझ्याकडून ते पहिलं पान मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं.