पान आठ की पान एकोणीस?

एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात मी पंढरीच्या वारीवर निबंध लिहिला होता. निबंध परत आला तेव्हा मॅडमनी लाल पेनाने एकच गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'हे कोण म्हणालं? कुठे?' गोलात हे होतं:

```
(Zelliot & Berntsen, 1988, p. 8)
```

मला वाटलं, यात काय चुकलं? कंस आहे, वर्ष आहे, पान आहे. शिवाय हे मी हाताने टाइप केलेलंच नव्हतं, संदर्भ जपून ठेवणाऱ्या झोटेरो नावाच्या सॉफ्टवेअरने लिहून दिलं होतं.

झोटेरो मी निबंध द्यायच्या चार दिवस आधी उतरवून घेतलं होतं. तोवर माझे सगळे संदर्भ एका वर्डच्या फाइलमध्ये पडले होते: कुठे नुसती लिंक, कुठे 'कर्वे, पान ८', कुठे पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्या ढिगाऱ्यावरून चार दिवसांत झोटेरोत नोंदी केल्या. पुस्तकांसाठी सोपी युक्ती सापडली होती. वरच्या पट्टीत जादूच्या कांडीचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून आयएसबीएन टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप भरली जाते. धडाधड सोळा पुस्तकं टाकली आणि स्वतःवरच खूश झाले.

मॅडमच्या त्या गोलामागची हकीकत उलगडायला मला अख्खी संध्याकाळ लागली. इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख इंग्रजीत दोन ठिकाणी छापलेला आहे. आधी तो १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'च्या २२व्या खंडाच्या पहिल्या अंकात आला, पानं १३ ते २९. नंतर एलिनॉर झेलियट आणि मॅक्सिन बर्नसन यांनी संपादित केलेल्या 'द एक्स्पिरियन्स ऑफ हिंदुइझम' या १९८८च्या पुस्तकातही तो घेतला गेला. मी वाचला होता पहिला, जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावरून उतरवलेल्या पीडीएफमध्ये. ग्रंथालयात दिसलं होतं दुसरं, आणि मुखपृष्ठाचा फोटो होता तोही दुसऱ्याचाच. लेख एकच आहे ना, मग पुस्तकाचा हवाला जरा भारदस्त दिसेल, असं म्हणून मी कांडीत त्या पुस्तकाचा आयएसबीएन टाकला.

झोटेरोने इमानेइतबारे पुस्तकाची नोंद केली. नोंद अख्ख्या पुस्तकाची, त्यामुळे नावं आली संपादकांची. दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका यांच्या पंगती वेगळ्या कशा, हे निरीक्षण कर्व्यांचं. माझ्या निबंधात ते झेलियट आणि बर्नसन यांच्या तोंडी गेलं. ही एक चूक.

दुसरी पानाची. जेस्टोरच्या पीडीएफला सुरुवातीला एक माहितीचं पान जोडलेलं असतं. म्हणजे फाइलचं दुसरं पान हे छापील १३वं. मी टिपून ठेवलं होतं फाइलमधलं आठवं पान, जे छापील अंकात १९वं आहे. मुळात जो लेख तेराव्या पानावर सुरू होतो, त्याचं आठवं पान असणारच कुठून? आणि १९८८च्या पुस्तकात तर तो शंभर पानांच्याही पुढे आहे. मॅडमना ते पुस्तक पाठच होतं, त्यामुळे त्यांना एका नजरेत कळलं.

त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, शैली नंतर शिक. आधी तुझ्या हातात नक्की काय होतं ते लिहायला शीक."

तोवर मला वाटत होतं की एपीए ही संदर्भ लिहायची शैली म्हणजे स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे आणि तिरपं काय हे पाठ करणं. ते पाठ करायची गरजच नसते. नोंदीत लेखक, वर्ष, लेखाचं नाव, नियतकालिक, खंड, अंक, पानं हे रकाने बरोबर भरलेले असले, की एपीए ही त्या रकान्यांची एक मांडणी आणि एमएलए ही दुसरी. रकान्यात चुकीचं असेल तर दोन्ही शैली तीच चूक नीटनेटकी मांडून देतात. झोटेरो चुकलं नव्हतं, मी त्याला पुस्तक सांगितलं होतं.

मग मी ती नोंद दुरुस्त केली. मी वाचलेला लेख नियतकालिकातला होता, म्हणून जेस्टोरवरचं त्या लेखाचं पान उघडून ब्राउझरमधल्या झोटेरोच्या बटणावर क्लिक केलं. लेखाचं पान उघडं असेल तर ते बटण कागदाच्या चिन्हासारखं दिसतं, पुस्तकाचं असेल तर पुस्तकासारखं. आपण काय जतन करतोय हे तिथेच कळतं. नोंदीचा प्रकार Journal Article आला, लेखिका कर्वे आल्या. लेखाच्या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मात्र मोठं होतं. एपीएला ते चालत नाही, आणि झोटेरो आपणहून मोठी अक्षरं छोटी करत नाही. नावावर राइट-क्लिक करून Sentence case निवडलं आणि विशेषनामाचं मोठं अक्षर जागेवर आहे ना, ते डोळ्यांनी पाहिलं. शेवटी सूचीत ओळ अशी उतरली:

```
Karve, I. (1962). On the road: A Maharashtrian pilgrimage. The Journal of Asian Studies, 22(1), 13–29.
```

आणि मजकुरात (Karve, 1962, p. 19). तो पान क्रमांक वर्डमध्ये हाताने लिहायचा नसतो. संदर्भ घालताना जी चौकट येते, तिच्यात कर्व्यांच्या नावाच्या गोळीवर क्लिक केलं की Page असा रकाना उघडतो, तिथे १९ टाकायचा. मी आधी कंसात थेट टाइप करत होते आणि पुढच्या Refresh ला तो मजकूर गायब होत होता. दोनदा गायब झाल्यावर कळलं.

१९८८चं पुस्तकही मी काढून टाकलं नाही, कारण त्यातले इतर लेख पुढे लागणार होते. पुस्तकाच्या नोंदीवर राइट-क्लिक केलं की Create Book Section असा पर्याय येतो. त्याने पुस्तकातल्या एका लेखाची वेगळी नोंद तयार होते. पुस्तकाचं नाव, संपादक, प्रकाशक तसेच राहतात. लेखाचं नाव, लेखक आणि पानं आपण भरायची. संपादित पुस्तकांचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो हा प्रकार माहीत नव्हता म्हणून. माझ्या सोळांपैकी पाच पुस्तकं संपादित होती, आणि पाचही ठिकाणी लेखकाचं श्रेय संपादकाने खाल्लं होतं.

नोंद दुरुस्त केल्यावर त्याच निबंधात आणखी एक गंमत दिसली. काही कंसांत (I. Karve, 1962) असं येत होतं आणि नातेसंबंधांवरच्या १९५३च्या पुस्तकाला (I. K. Karve, 1953). एपीएत कंसात फक्त आडनाव असतं, मग ही आद्याक्षरं कुठून आली? एका आडनावाचे दोन वेगळे लेखक असतील तरच ती येतात, वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून. माझ्या पुस्तकाच्या नोंदीत कुठल्याशा ग्रंथालयाच्या सूचीतून नाव आलं होतं ते Irawati Karmarkar, माहेरच्या आडनावासकट, आणि पुढे Karve. लेखाच्या नोंदीत नुसतं Irawati. झोटेरोच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखं केलं, Refresh दिलं, आद्याक्षरं गेली. तेव्हापासून कंसात अचानक आद्याक्षर दिसलं की मी आधी नावं तपासते. तसंच वर्षापुढे विनाकारण 1962a, 1962b आलं, तर समजायचं की एकच लेख दोनदा नोंदला गेलाय. अशा वेळी एक नोंद पुसायची नाही. Duplicate Items मध्ये जाऊन दोन्ही एकत्र करायच्या. पुसली तर वर्डमधल्या संदर्भाचा नोंदीशी असलेला दुवा तुटतो.

मराठी बातम्यांची तऱ्हा वेगळीच. एका दैनिकाच्या संकेतस्थळावरून वारीची बातमी जतन केली, तर बातमीदाराच्या जागी 'ऑनलाइन टीम' होतं. नोंद झाली नाव 'ऑनलाइन', आडनाव 'टीम', आणि निबंधात दिसलं (टीम, 2021). मैत्रीण म्हणाली, "हा टीम कोण गं, परदेशी आहे का?" लेखकाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण असतं, त्याने नाव-आडनावाचे दोन रकाने एक होतात. संस्था, सरकारी खाती, असल्या 'टीम' सगळ्या तिथे.

तिसऱ्या सत्रात मी उलट्या क्रमाने सुरुवात केली. वाचायला घेण्याआधी नोंद, आणि नोंद झाल्याबरोबर लेखक, वर्ष, पानं हे तीन रकाने समोरच्या छापील पानाशी ताडून पाहायचे. एका नोंदीला दोन-तीन मिनिटं जातात. पीडीएफ झोटेरोतच उघडून वाचते. तिथे ओळ रंगवली की तिच्यासोबत पान क्रमांकही जातो. पण पहिली ओळ रंगवल्यावर तो क्रमांक छापील आहे की फाइलचा, ते बघते. फाइलचा असेल तर क्रमांकावर राइट-क्लिक करून तिथल्या तिथे सुधारता येतो. मग Add Note from Annotations दिलं की रंगवलेल्या सगळ्या ओळी पानांसकट एका टिपणात येतात. पूर्वी मी निबंध लिहिताना ज्या ओळी पुन्हा शोधत बसायचे, त्या आता त्या टिपणात असतात.

त्या सत्रात दुसऱ्या विषयाच्या सरांना एमएलए हवं होतं, तेही सादर करायच्या आदल्या दिवशी कळलं. Document Preferences मध्ये शैली बदलली, (Karve, 1962, p. 19) चं (Karve 19) झालं, वर्ष कंसातून गेलं आणि सूचीत राहिलं. चहा निवायच्या आत काम झालं. त्यानंतर फाइलची एक प्रत काढून फक्त त्या प्रतीवर Unlink Citations केलं, म्हणजे सरांच्या संगणकावर सगळं साधा मजकूर म्हणून उघडेल. मूळ फाइलवर ते कधी करत नाही, कारण मग त्यातले संदर्भ झोटेरोला पुन्हा ओळखता येत नाहीत.

पहिल्या निबंधाच्या त्या चार दिवसांतल्या अकरा नोंदी अजूनही 'तपासायचं' नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत. त्यांतल्या तिघींना वर्षच नाही.