'लाव' म्हणजे नक्की काय लावायचं?

आज आईच्या फोनवर बोलून काम करून घ्यायची सोय चालू करून दिली. तिचं बोलणं ऐकताना जाणवलं, आपलं सगळं 'लाव'वर चालतं: गजर लाव, भजन लाव, फोन लाव. इंग्रजीत सेट, प्ले, कॉल अशी तीन वेगळी क्रियापदं. मराठीत काम कळतं ते आधीच्या शब्दावरून. तो गाळून 'मावशीला लाव' म्हटलं की माणसाला कळतं, फोन मात्र गोंधळतो.

खरी गंमत दूधवाल्याची. नंबर 'दूधवाला' नावाने सेव्ह, पण बोलताना आपण म्हणतो 'दूधवाल्याला फोन लाव'. त्यातला 'ला' काढला तरी उरतं 'दूधवाल्या', आणि यादीत तसं कुणीच नाही! 'काकूला', 'मामाला' यात ही भानगड नाही, मूळ नाव तसंच राहतं. शेवटी नंबर नुसत्या 'दूध' नावाने सेव्ह केला. 'दूधला फोन लाव' ऐकून शाळेतल्या बाईंनी कान पिळला असता, पण फोन लागतो.

वेळेचं प्रकरण जास्त नाजूक. पावणेसहा म्हणजे ५:४५, पण त्यात नाव सहाचंच. 'पावणे' नीट ऐकू गेलं नाही, तर गजर थेट सहाला. साडेपाचचं तसंच, 'साडे' हरवलं की पाचलाच उठा. आईला सांगितलं, 'पहाटे पाच पंचेचाळीस' असं म्हण. ती म्हणाली, "असं कोण बोलतं रे?" आणि पुन्हा पावणेसहाच म्हणाली. स्क्रीनवरचा आकडा मात्र ती वाचून बघते, ते बरं.