पांढऱ्या कॉलन्यांचा हिशेब अखेर लागला: पीयूसी१९ ची नोंद, पुढचा भाग

मागच्या नोंदीत कॅल्शियम क्लोराइडच्या पेशींची बॅच चांगली निघाल्याचं लिहिलं होतं. त्याच डीएच५-अल्फा पेशी आणि तेच लायगेशनचं मिश्रण घेऊन एम.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल झालं. नेहमीचाच बेत होता: लॅम्डा डीएनए हिंड-३ ने कापायचा, ते तुकडे हिंड-३ ने कापलेल्या पीयूसी१९ मध्ये जोडायचे आणि अँपिसिलिन, एक्स-गॅल, आयपीटीजीच्या प्लेटवर निळं-पांढरं वेगळं करायचं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बॅचला प्लेट उघडल्या तेव्हा लायगेशनच्या प्लेटवर निळ्या ८८ आणि पांढऱ्या २१० होत्या. "मॅडम, सत्तर टक्के रिकॉम्बिनंट!" मोजणारी मुलगी आनंदाने ओरडली.

हिंड-३ च्या एकाच चिकट टोकावर जोडलेलं, फॉस्फेट न काढलेलं व्हेक्टर सत्तर टक्के इन्सर्ट घेईल हे मला पटेना. अशा व्हेक्टरला स्वतःशीच मिटणं सगळ्यांत सोपं असतं, म्हणून निळ्याच जास्त यायला हव्यात. मग वीस पांढऱ्या कॉलन्या टूथपिकने उचलून अँपिसिलिन आणि एक्स-गॅलच्या ताज्या प्लेटवर चौकोन आखून लावल्या. उगवल्या फक्त चार. बाकी सोळा चौकोन कोरे राहिले.

आता ज्यात प्लाझमिड आहे ती पेशी अँपिसिलिनवर वाढायलाच हवी. तेव्हा त्या सोळांमध्ये प्लाझमिडच नव्हतं. पण मग पहिल्या प्लेटवर त्या वाढल्या कशा? पहिला संशय सगळ्यांना येतो तोच मलाही आला: अँपिसिलिन मेलं असणार. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हा संशय रास्तच आहे. माध्यम ५० अंशांपर्यंत उतरायची वाट न बघता घाईने अँपिसिलिन घातलं किंवा ओतलेल्या प्लेट बाकावर राहिल्या, की त्याचा जोर ओसरतो. पण डीएनए न दिलेल्या पेशींची अँपिसिलिन प्लेट लख्ख कोरी होती. म्हणजे औषध शाबूत होतं.

इथे मी बराच वेळ अडून राहिले आणि या नोंदीतला मुख्य मुद्दा इथेच आहे. ती कोरी प्लेट जे सांगते ते खरंच आहे, पण अपुरं आहे. तिच्यावर एकही प्रतिरोधक पेशी नसते, त्यामुळे अँपिसिलिन नष्ट करणारं तिथे कोणीच नसतं. लायगेशनच्या प्लेटवर मात्र प्रत्येक खरी कॉलनी बीटा-लॅक्टमेज बनवते. हे एंझाइम पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पडद्यांमधल्या जागेत जातं, तिथून थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि कॉलनीभोवतीचं अँपिसिलिन फोडून टाकतं. प्लेटवर पसरलेल्या काही कोटी पेशींपैकी बहुतेकींना प्लाझमिड मिळालेलं नसतं. अँपिसिलिन पेशीभित्तिका बांधणाऱ्या, म्हणजे वाढत असलेल्या पेशीलाच मारतं. ज्या नुसत्या निपचित पडून आहेत त्या तग धरतात आणि भोवतालचं औषध संपलं की वाढू लागतात. एकाने कुंपण मोडलं की बाकीची गुरं शेतात शिरावीत तसं. याच त्या सॅटेलाइट कॉलन्या.

सॅटेलाइट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत, पण निळ्या-पांढऱ्याच्या प्लेटवर त्या दुप्पट फसवतात. डीएच५-अल्फाच्या स्वतःच्या बीटा-गॅलॅक्टोसायडेजचा सुरुवातीचा तुकडा गायब आहे आणि तो पीयूसी१९ कडून यावा लागतो. प्लाझमिड नाही तर तो तुकडा नाही, तुकडा नाही तर एक्स-गॅल फुटत नाही, मग रंग नाही. म्हणजे प्रत्येक सॅटेलाइट कॉलनी पांढरीच असणार, आणि नेमक्या पांढऱ्याच आपण रिकॉम्बिनंट म्हणून मोजतो.

हा तर्क तपासायला एक प्लेट हाताशीच होती. न कापलेलं पीयूसी१९ दिलेल्या पेशींची प्लेट आपण फक्त कार्यक्षमता काढायला वापरतो. मीही तेवढीच वापरत होते. पण तिथे इन्सर्टचा प्रश्नच नाही, प्लाझमिड घेतलेली प्रत्येक कॉलनी निळी व्हायला हवी. तिच्यावर पांढरी कॉलनी दिसली, तर एखादा विरळा अपवाद सोडता ती सॅटेलाइटच. मी ती प्लेट भिंगाखाली धरली आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या निळ्या कॉलनीभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांचं कडं दिसलं. मला खरोखर फार आनंद झाला. कोऱ्या प्लेटला जे सांगता येत नव्हतं ते ही प्लेट सांगत होती.

उरला वेळेचा प्रश्न. आमच्याकडे बॅच दुपारची. मुलं अक्कलकोट, मोहोळकडून एसटीने येतात. प्लेट साधारण चारला पसरल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तीनला मोजल्या जातात, म्हणजे तेवीस तास. सॅटेलाइटना वाढायला इतका वेळ भरपूर होतो. मग सोळा तासांतच काढायच्या का? तिथे दुसरी अडचण येते. सोळा तासांना निळा रंग अजून फिका असतो, काही निळ्या कॉलन्या पांढऱ्याच वाटतात. लवकर वाचावं तर रंग कच्चा, उशिरा वाचावं तर सॅटेलाइट.

यावर फ्रीज कामाला आला. चार अंशांवर पेशींची वाढ थांबते, पण आधी बनलेलं एंझाइम सावकाश का होईना काम करत राहतं आणि निळा रंग गडद होत जातो. म्हणून याच पेशी आणि लायगेशनचा उरलेला भाग घेऊन पुन्हा प्लेट लावल्या. संध्याकाळी सहाला इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, सकाळी दहाला काढून थेट फ्रीजमध्ये उलट्या ठेवल्या आणि दुपारी बॅच आल्यावर बाहेर घेतल्या. संध्याकाळच्या वेळेचा उन्हाळ्यात आणखी एक फायदा आहे. आपले साधे इन्क्युबेटर फक्त तापवू शकतात, थंड करू शकत नाहीत. दुपारी खोली चाळिशीपार गेली की आतही ३७ राहत नाही. रात्री राहतं.

या वेळी लायगेशनच्या प्लेटवर निळ्या ९२ आणि पांढऱ्या २७. दोन्ही खेपांचे आकडे शेजारी ठेवून बघा. निळ्या जवळपास तितक्याच आहेत, कोसळल्या त्या फक्त पांढऱ्या. न कापलेल्या पीयूसी१९ च्या प्लेटवर एकही पांढरी नव्हती. पांढऱ्यांतल्या वीस ताज्या प्लेटवर लावल्या तर १८ पांढऱ्याच वाढल्या, एक हळूहळू निळी झाली आणि एक उगवली नाही. निळी झालेली म्हणजे मुळातली लहान, रंग न चढलेली कॉलनी असणार. ताज्या प्लेटवर पुन्हा लावायची पायरी वेळ वाचवायला गाळू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

एक्स-गॅलबद्दल दोन शब्द. या खेपेला पुण्याहून आलेली पुडी भर उन्हात, बर्फाच्या पिशवीशिवाय आली आणि पावडरीवर गुलाबी झाक होती. ती मी परत पाठवली. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये मिलीलीटरला २० मिलिग्रॅम असा स्टॉक करून, फॉइल गुंडाळून, उणे वीसला ठेवते. पॉलिस्टायरीनच्या नळीत कधी करू नका, हे द्रावण ते प्लॅस्टिक विरघळवतं. आणि प्लेटवर ४० मायक्रोलीटर पसरण्यापेक्षा कोमट माध्यमातच मिसळणं मला पसंत आहे. मुलांच्या हातून पसरताना कडेपर्यंत पोचत नाही आणि कडेच्या निळ्या कॉलन्या पांढऱ्या दिसतात. खर्च थोडा वाढतो, पण वाचन विश्वासाचं होतं.

आता त्या २७ पैकी खऱ्या किती? त्यासाठी इन्सर्टशिवाय लायगेज दिलेल्या व्हेक्टरची प्लेट. तिथे १३० निळ्या आणि ४ पांढऱ्या होत्या. तिथे इन्सर्ट नाहीच, तेव्हा या पांढऱ्या व्हेक्टरची टोकं कुरतडली जाऊन झालेल्या. जोडताना एक-दोन बेस गेले की वाचनाची चौकट सरकते आणि जनुक मोडतं. प्रमाण साधारण तीन टक्के. लायगेशनच्या प्लेटवर रिकामी मिटलेली व्हेक्टर ९२ च्या आसपास, म्हणून तिथे अशा खोट्या पांढऱ्या तीनेक असाव्यात. ११९ मध्ये खऱ्या रिकॉम्बिनंट चोवीसच्या घरात, म्हणजे वीस टक्के. सत्तर नव्हे.

सहा पांढऱ्यांचं मिनिप्रेप करून हिंड-३ ने कापलं. पाचांमध्ये २.७ केबीच्या व्हेक्टरसोबत इन्सर्टचा पट्टा आला: तिघांत दोन केबीच्या जवळ, एकात ४.४, एकात ५६४ बेसचा. लॅम्डाचे २०२७ आणि २३२२ आमच्या छोट्या जेलवर नीट वेगळे होत नाहीत, म्हणून त्या तिघांचं नाव अजून ठरवलं नाही. सहावा कापलाच गेला नाही, न कापलेल्या प्लाझमिडसारखा पुढे धावला. हिंड-३ ची जागाच कुरतडली गेली असेल तर असंच दिसणार. प्लेटवर काढलेला अंदाज जेलवर असा समोर उभा राहिलेला मुलांनी पाहिला.

हे लिहिताना एक कल्पना सुचली. ५६४ ला तीनने भाग जातो. तो तुकडा शिरला तरी चौकट सरकत नाही, त्यामुळे मधे थांबण्याचा कोडॉन नसेल तर कॉलनी फिकट निळी येऊ शकते. फिकट निळ्या आपण सरसकट रिकाम्या म्हणून सोडून देतो. फ्रीजमधली लायगेशनची प्लेट अजून टाकलेली नाही, तेव्हा कार्बेनिसिलिनची ऑर्डर देण्याआधी त्यातल्या फिकट निळ्या उचलून कापून बघणार आहे. पुढच्या बॅचला कार्बेनिसिलिन घ्यायचं ठरवलं होतं, कारण बीटा-लॅक्टमेजपुढे ते जास्त टिकतं. पण सोळा तास आणि फ्रीज एवढ्यावर काम भागत असेल तर तो पैसा मी पीयूसीच्या कॅनामायसिनवाल्या व्हेक्टरवर घालवीन. कॅनामायसिन पेशीच्या आतच निकामी केलं जातं, बाहेर काही झिरपत नाही, म्हणून सॅटेलाइटचा त्रास फारसा होत नाही. तेच लॅम्डाचे तुकडे दोन्ही व्हेक्टरमध्ये वेगवेगळे जोडून, पीयूसी१९ ची अँपिसिलिनची आणि दुसऱ्याची कॅनामायसिनची अशा दोन प्लेट चोवीस तास ठेवून शेजारी मांडायच्या, असा आता बेत आहे.