कुलूप माझंच, किल्लीही माझीच

“पेन ड्राइव्ह तुमचा, पासवर्ड तुम्हीच लावलेला. मग विसरलात तर एखाद्या डेटा रिकव्हरीवाल्याकडून उघडून का घेत नाही?”

घेतला असता, पण तो बिघडलेलाच नाही. रिकव्हरीवाले मोडलेल्या ड्राइव्हमधून माहिती बाहेर काढतात. माझ्या ड्राइव्हमधली माहिती आजही अक्षर न् अक्षर वाचता येते, फक्त ती विंडोजच्या बिटलॉकरने, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या सोयीने, करून ठेवलेली खिचडी आहे.

पासवर्ड थेट फायलींना लागत नाही. फायलींना लागते ती संगणकाने स्वतः बनवलेली एक लांबलचक यादृच्छिक किल्ली, आणि पासवर्डने ती किल्ली कुलपात जाते. म्हणूनच पासवर्ड बदलला की काम क्षणात होतं, सगळ्या फायली पुन्हा एन्क्रिप्ट कराव्या लागत नाहीत. त्याच किल्लीला दुसरं कुलूप असतं 48 अंकी रिकव्हरी कीचं. पासवर्ड विसरलात तर हा दुसरा दरवाजा. मायक्रोसॉफ्टकडे गुप्त दरवाजा असेलच, असं मला चार जणांनी छातीठोकपणे सांगितलं. तसा असता तर मी अशिलांचे कागद त्यात ठेवलेच नसते.

मी भाषांतराचं काम करतो. लोकांचे करार, वैद्यकीय अहवाल माझ्याकडे येतात, त्यामुळे ड्राइव्हला कुलूप लावणं चूक नव्हतं. चूक ही, की तीन वर्षं जमवलेली माझी शब्दसूचीही मी त्यातच ठेवली. तिला कुलपाची गरजच नव्हती. आणि तिची दुसरी प्रत नव्हती. हो, माहीत आहे.

पासवर्ड आठवेना त्या संध्याकाळी मी फारसा घाबरलो नाही. रिकव्हरी कीची टेक्स्ट फाइल मी स्वतःला मेल करून ठेवली होती आणि ती सापडलीही. ड्राइव्ह लावला, `More options`, मग `Enter recovery key`. सहा-सहा अंकांचे आठ गट एकेक करून टाकले. चुकीची की. वाटलं, एखादा अंक हुकला असेल. पुन्हा टाकले, मग तिसऱ्यांदा बायकोने मोठ्याने वाचले आणि मी टाइप केले. तेव्हा कुठे माझं लक्ष त्या चौकटीतल्या `Key ID` कडे गेलं. आठ अक्षरं होती. फाइलमधल्या आयडेंटिफायरची पहिली आठ अक्षरं वेगळीच होती.

मग आठवलं. आठ महिन्यांपूर्वी ड्राइव्ह त्रास देत होता म्हणून फायली बाहेर काढून मी तो फॉरमॅट केला होता आणि नव्याने एन्क्रिप्ट केला होता. नव्याने एन्क्रिप्ट केलं की रिकव्हरी कीही नवी. नवी फाइल मी लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवली, ‘उद्या मेल करू’ म्हणून. पुढे त्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं, त्यात ती फाइल गेली. त्याच लॅपटॉपवर हा ड्राइव्ह आपोआप उघडत असे, म्हणून आठ महिन्यांत पासवर्ड हाताने टाकायची वेळच आली नव्हती. विसरलो तो असा. तो लॅपटॉप तसाच राहिला असता तर ड्राइव्ह उघडा असताना अ‍ॅडमिन म्हणून ही एक ओळ पुरली असती (`E:` च्या जागी ड्राइव्हचं अक्षर):

```
manage-bde -protectors -get E:
```

तिने 48 अंक समोर आणून ठेवले असते.

“मग अंदाज करून बघा की,” हेही ऐकलंय. चुकीच्या प्रयत्नांनी ड्राइव्ह पुसला जात नाही, हे खरं. पण बिटलॉकर प्रत्येक पासवर्ड तपासताना दहा लाखांहून जास्त वेळा हॅश काढतो, मुद्दाम, अंदाज महाग पडावा म्हणून. समजा एखादं यंत्र सेकंदाला 1000 पासवर्ड तपासतं. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक यांतून निवडलेल्या आठ अक्षरांच्या सगळ्या जुळण्या तपासायला त्याला जवळजवळ 6900 वर्षं लागतील. फक्त शेवटचे चार अंक विसरले असते तर 10,000 प्रयत्न, दहा सेकंदांत काम संपलं असतं. मला नेमकं काय आठवत नाही, तेच आठवत नाही. दोन शब्द होते, मध्ये एक चिन्ह. एवढ्यावर यंत्र लावून पाहिलं, शब्दांच्या सुमारे दोनशे जोड्या देऊन. नाही उघडला.

तेव्हाचा मी म्हणायचा, पासवर्ड किंवा की कागदावर लिहिणं म्हणजे कुलपाला किल्ली बांधून ठेवणं. आता मी 48 अंक कागदावर लिहितो, सोबत `Key ID`, आणि ड्राइव्ह पुन्हा एन्क्रिप्ट केला की जुना कागद फाडतो. पण तेव्हाचा मी पूर्ण चुकला होता असं मानायला मी अजून तयार नाही. तो कागद ज्याच्या हाती पडेल, त्याला ड्राइव्ह मिळाला की पासवर्ड लागणारच नाही. कागद घरात, ड्राइव्ह पिशवीत, असं चाललंय सध्या. प्रवासाला निघताना कागद कुठे ठेवायचा यावर बायकोशी दरवेळी वाद होतो.

जुना ड्राइव्ह फॉरमॅट केला तर लगेच वापरता येईल. केलेला नाही.