मध्यावर कुठेतरी

‘मध्यावर कुठेतरी भेटू या’ असे मुंबईत जो म्हणतो, तो बहुधा दादरपासून वीस मिनिटांच्या आत राहणारा असतो. आमच्या चौघांत हा मान गिरगावकराचा आहे. बाकीच्या तिघांना घरांच्या किमतींनी एकेका मार्गाच्या टोकाकडे ढकलत नेले: एक मैत्रीण विरारला, एक मित्र पनवेलला आणि मी बदलापूरला. पुढचा सगळा हिशेब बदलापूरच्या माणसाने मांडलेला आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचकांनी तो तपासावा.

मध्य शोधायची सर्वांत भाबडी रीत म्हणजे नकाशावर चार ठिपके देऊन त्यांची सरासरी काढणे. आमच्या चार गावांची अशी सरासरी काढली, तर बिंदू जवळजवळ रबाळ्यावर पडतो. रबाळ्याला स्टेशन आहे, तेव्हा तिथे पोचता येत नाही असे नाही. पण विरारहून तिथे यायचे म्हणजे दोनदा गाडी बदलत दोन तास मोडायचे. पनवेलकराची तेवढी चैन, कारण त्याला ठाण्याची ट्रान्स-हार्बर गाडी सरळ तिथे आणून सोडते. मुंबईत अंतर किलोमीटरांत मोजून काही हाती लागत नाही. ते मिनिटांत मोजावे लागते, आणि मिनिटे रुळांवरून मोजावी लागतात.

रुळांची रचना अशी की पश्चिम आणि मध्य हे दोन मार्ग दक्षिणोत्तर, जवळजवळ समांतर जातात आणि त्यांची सोयीची गाठ पडते ती दादरला. हार्बरची गाडी दादरला येतच नाही. पनवेलकराला कुर्ल्याला उतरून, पूल चढून मध्य मार्गाची गाडी पकडावी लागते. म्हणून गाडी बदलण्याची दहा मिनिटे धरून आणि फास्ट गाडी मिळाली असे समजून मी ढोबळ आकडे मांडले. दादरला यायला विरारहून 65 मिनिटे, बदलापूरहून 80, पनवेलहून 80 आणि गिरगावातून, म्हणजे चर्नी रोडहून, 20. बेरीज 245. ठाण्याला तेच आकडे अनुक्रमे 105, 45, 55 आणि 55 होतात, बेरीज 260. घाटकोपरला 75, 60, 75 आणि 45, बेरीज 255.

बेरीज पाहिली तर दादर जिंकते, आणि गिरगावकराने हा निकाल ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ म्हणत मोठ्या समाधानाने ऐकला. पण दादर आणि घाटकोपर यांतल्या या दहा मिनिटांची फोड करून पाहावी. दादरला भेटल्याने गिरगावकराची 25 आणि विरारकरणीची 10 मिनिटे वाचतात; माझी 20 आणि पनवेलकराची 5 वाढतात. ज्याचा प्रवास मुळात सर्वांत कमी, त्याचाच तो आणखी कमी झाला आणि त्यालाच आपण गटाची बचत म्हणालो. बेरजेला कुणाची मिनिटे कुणाच्या खिशातून गेली याच्याशी देणेघेणे नसते.

बेरजेचा आणखी एक विचित्र गुण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, मी उद्या बदलापूर सोडून कर्जतला राहायला गेलो. माझी वाट जेवढी लांबली तेवढीच मिनिटे दादर, घाटकोपर आणि ठाणे या तिन्ही ठिकाणांच्या बेरजेत सारखीच वाढतील आणि दादर पहिल्या क्रमांकावर जसेच्या तसे राहील. म्हणजे टोकाचा माणूस जितका लांब जाईल, तितका त्याचा त्रास वाढतो. पण जागा ठरवण्यातले त्याचे मत तसूभरही वाढत नाही. बेरजेचा मध्य माणसे कोणत्या बाजूला किती आहेत एवढेच पाहतो, ती किती लांब आहेत हे पाहत नाही. गटातले दोघे गिरगावात राहणारे असते, तर दादरचे पारडे आणखी जड झाले असते.

म्हणून मी दुसरी मोजणी धरतो: प्रत्येक ठिकाणी सर्वांत जास्त वेळ कुणाला लागतो, ते पाहायचे आणि तो आकडा जिथे सर्वांत लहान, तिथे भेटायचे. दादरला तो 80, ठाण्याला 105 आणि घाटकोपरला 75. ठाण्याची बेरीज दादरपेक्षा पंधरानेच जास्त दिसते खरी, पण तिच्या पोटात विरारकरणीचे पावणेदोन तास दडलेले आहेत. ठाणे मला स्वतःला सर्वांत जवळचे, तरीही ते मी सुचवत नाही, एवढे पुण्य माझ्या खात्यावर जमा असू द्यावे.

घाटकोपर मध्ये आले ते मेट्रोमुळे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली आणि दोन समांतर मार्गांमध्ये उपनगरातच एक आडवा दुवा तयार झाला. त्याआधी विरारहून घाटकोपरला यायचे तर दादरपर्यंत खाली उतरून मध्य मार्गाने पुन्हा वर यावे लागे, आणि त्यात दीड तास सहज मोडत असे. तेव्हाच्या हिशेबाने या मोजणीतही दादरच योग्य ठरले असते. मध्य ही काही कायमची जागा नव्हे. एखादा नवा मार्ग झाला की ती सरकते.

रविवारी तर ती एका दिवसापुरती सरकते. आमच्या भेटी रविवारी, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ब्लॉकची बातमी वाचताना नुसते ‘हार्बरवर ब्लॉक’ एवढे पाहून भागत नाही. कोणत्या दोन स्टेशनांमध्ये आहे, ते पाहावे लागते. तो कुर्ला आणि वाशी यांच्यामध्ये असेल, तर पनवेलकराला ठाण्यावरून फिरून येता येते: घाटकोपरला सुमारे 85 मिनिटांत, दादरला मात्र 100 मिनिटांत. तोच पनवेल आणि वाशी यांच्यामध्ये असेल, तर ट्रान्स-हार्बरच्या पनवेल गाड्याही बंद राहतात, आणि मग त्याला रस्त्याने यावे लागते किंवा भेटीची वेळ ब्लॉक संपल्यानंतरची, म्हणजे चार-पाचच्या पुढची, ठरवावी लागते. आम्ही शेवटी दुसरा उपाय पत्करतो, कारण शीव-पनवेल रस्त्याचा वेळ आधी सांगणे कुणालाच जमलेले नाही.

या आकड्यांत परतीचा प्रवास मात्र कुठेच दिसत नाही. सकाळी विरारहून आणि बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. संध्याकाळी घाटकोपरला माझ्यासमोर येणारी बदलापूर गाडी मुंबईहून भरून आलेली असते, आणि विरारकरणीला अंधेरीला ज्या गाडीत शिरायचे असते तिच्याविषयी तर बोलायलाच नको. म्हणून निघायची वेळ आम्ही भेटायच्या वेळेआधी ठरवतो, आणि ती विरारकरीण सांगते. गिरगावकराला उलट्या दिशेची रिकामी गाडी मिळते. त्यामुळे घाटकोपर पूर्वेच्या खाऊ गल्लीतले शेवटचे बिल त्याने द्यायचे, असा ठराव बाकी तिघांनी एकमताने केला आहे. त्याचे म्हणणे असे, की या मतदानातही कोण किती लांब राहतो हे पाहिले गेलेले नाही.