अक्षरगणित, नोंद २७ : भज्यांच्या कागदावरचं कोडं

कणकवलीच्या आत्तेभावाने भजी गुंडाळून आलेल्या पेपरच्या पानाचा फोटो पाठवला. कोपऱ्यात कोडं होतं आणि खाली लिहिलेलं, ‘उत्तर एकच आहे’. अक्षरगणितात प्रत्येक अक्षर एका अंकाच्या जागी उभं असतं, आणि वेगळ्या अक्षराला वेगळा अंक. मी ते कोडं असं वाचलं :

रस + बस = सफल

चिमुकलं म्हणून चहा होईपर्यंत सुटेल असं वाटलं. दोन आकडी दोन संख्यांची बेरीज दोनशेच्या आतच राहते, म्हणून शतकस्थानचा स फक्त हातच्यातून आलेला, म्हणजे स = १. एककात १ + १, म्हणून ल = २, आणि पुढे हातचा जात नाही. दशकात उरलं र + ब = १० + फ. इथे गाडी रुतली. ३ आणि ७ चालतात, ४ आणि ६ चालतात, ८ आणि ९ सुद्धा. सगळ्या मांडल्या तर ११ जोड्या, म्हणजे २२ उत्तरं.

खरं तर मांडायची गरजच नव्हती. र आणि ब एकाच स्तंभात एकाखाली एक आहेत आणि दोन्ही दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांचे अंक आपसात बदलले तरी बेरीज तीच राहते. असं कोडं सुटलं तर निदान दोनदा सुटतं, एकदाच कधीच नाही. `SEND + MORE = MONEY` या इंग्रज कोडेकार ड्यूडनीच्या १९२४ च्या कोड्यात बघा, वरच्या प्रत्येक जोडीतलं किमान एक अक्षर दुसऱ्या स्तंभातही आहे.

मग एकतर पेपर चुकला, नाहीतर मी. भावाला फोन केला. “ल खंयचो, दादा? र आसा तो!” तेलाने कागद पारदर्शक होऊन मागच्या बाजूची छपाई त्या अक्षरात मिसळली होती. छत्रीचं काळं कापड कागदाखाली ठेवून पुन्हा फोटो काढायला लावला. मागची शाई काळ्यात विरली आणि र स्वच्छ दिसला.

रस + बस = सफर

आता स = १, एककातून र = २. दशकात २ + ब. शतकात १ हवा तर इथून हातचा निघायलाच हवा, म्हणून ब ८ किंवा ९. ब = ९ धरलं तर फ = १, पण १ स ने आधीच घेतलाय. उरलं ब = ८, फ = ० : २१ + ८१ = १०२.

एक लक्षात ठेवायचं : अदलाबदलीची जोडी सापडली तर उत्तर एकच नाही हे नक्की, पण सापडली नाही म्हणून एकच असेल असं नाही. ब = ९ ची फांदी छाटली तेव्हाच खात्री झाली.

पानाच्या तळाशी चार अक्षरी आणखी एक आहे. त्यावर मिरचीचा डाग आहे, आणि घ की ध ते अजून ठरत नाही.